मोटर बंद, तरी स्क्रीनवर 1.9

लिहायला लाज वाटते, पण कुपवाड एमआयडीसीतला दुसरा कोणी यात अडकू नये. 'मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमधूनच व्हायब्रेशन आणि रन अवर काढून देतो, बेअरिंग जायच्या महिनाभर आधी कळेल' असं सांगून एकाने आमच्या सहा ब्लोअरवर डबे बसवले. डबे 87,000, वर्षाचं सॉफ्टवेअर 36,000, फिटिंग 9,000. जीएसटी धरून 1,55,760 रुपये, सगळे आगाऊ.

रविवारी पूर्ण शेड बंद असताना स्क्रीनवर तीन नंबरच्या ब्लोअरचं व्हायब्रेशन 1.9 मिमी/सेकंद दिसत होतं. थांबलेल्या मोटरला 1.9? विचारलं तर म्हणाला, 'आजूबाजूचं कंपन असतं.' आजूबाजूला एकही मशीन चालू नव्हतं! तिथेच मेन स्विच पाडून त्याला बोलवायला हवं होतं. पण आलेख रोज हलायचा, रंग बदलायचा. कुणालाही खरंच वाटलं असतं.

पुढे त्याच 30 किलोवॅट मोटरचं 6312 बेअरिंग जाम झालं. आदल्या दिवशीही स्क्रीन हिरवी. डबा उघडला तर आत बॅटरी आणि दिवा, सेन्सर नाहीच. डबाही फॅन कव्हरवर दुहेरी टेपने चिकटवलेला. खरा सेन्सर बेअरिंग हाउसिंगवर स्टडने किंवा इपॉक्सीने घट्ट बसवतात, पत्र्यावर नाही. आकडा तो डबेवाला ड्राइव्हच्या करंटवरून बनवत होता. बेअरिंगच्या गोळ्या ज्यावर फिरतात त्या रेसला बारीक खड्डा पडला तर करंट जवळजवळ हलत नाही, म्हणून शेवटपर्यंत हिरवं. ड्राइव्हला वेगळा सेन्सर जोडल्याशिवाय ड्राइव्हमधून डेटा काढणाऱ्या आरएस-485 च्या दोन तारांतून बेअरिंगचं व्हायब्रेशन येत नसतं.

तासांतही तेच. ड्राइव्हमध्ये दोन मीटर असतात: सप्लाय चालू असल्याचे तास आणि मोटर फिरल्याचे तास. त्याने पहिला घेतला. ब्लोअर दिवसाला 10 तास, आठवड्याचे सहा दिवस चालतो, सप्लाय मात्र 24 तास. त्यामुळे 4,000 तासांचं ग्रीसिंग आम्ही जेमतेम 1,430 तासांवर करत राहिलो. जादा ग्रीस आत घुसळून तापतं, आणि त्यानेही बेअरिंग मरतं. दोन्ही मीटर समोरासमोर लिहून घ्या. मोटर थांबवून, सप्लाय चालू ठेवून, दोन तासांनी कोणता वाढतो ते बघा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, बिल आहे, माल दिलाय, हा दिवाणी मामला. सायबरवाल्यांनी 'चेक तुम्हीच दिलात' म्हणून परत पाठवलं. ग्राहक आयोगाकडे जावं तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू, म्हणून आम्ही ग्राहकच नाही! चार खेपा झाल्या, एकानेही तो रिकामा डबा हातात घेऊन पाहिला नाही. मग दाद मागायची कुठे?

पैसे देण्याआधी ड्राइव्ह 50 वरून 40 हर्ट्झवर आणायला लावा आणि कोणत्या हर्ट्झला किती कंपन ते दाखवणारा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, मागा. 1480 फेऱ्यांच्या मोटरचं एक फेरीचं टोक 24.7 हर्ट्झवरून साधारण 19.7 वर सरकलं पाहिजे. नुसता एक आकडा दाखवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. कच्ची वेव्हफॉर्म फाइल द्यायला जो कांकू करतो, त्यालाही.