टँकरचं पाणी लिटरला किती पडतं: छोटा, दहा हजारी की मोठा?

उंड्री, वाघोली, बावधन, किंवा २०२१ ला पुणे मनपात आलेली गावं, तिथे मार्चपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा असते, टँकर कितीला पडला. आणि सगळे टँकरचा रेट सांगतात, लिटरचा कोणी सांगत नाही. लिटरचा काढायचाच झाला तर बिल भागिले टँकरवर लिहिलेले लिटर, संपलं. माझं म्हणणं आहे की हे गणित चुकीचं आहे, भागायचं ते आपल्या टाकीत जे पाणी खरंच कामी आलं त्याने. तसं भागलं की स्वस्त-महागाचा क्रमच उलटा होतो.

उदाहरणाला एक बिल्डिंग घेऊ. १६ फ्लॅट, ६० माणसं, माणशी १३५ लिटरने रोजचे ८,१०० लिटर. मनपाचं पाणी सकाळी येतं, साधारण ५,००० लिटर. म्हणजे रोज तीनेक हजार कमी. खालची टाकी ४ मीटर बाय ३ मीटर, ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत १५,००० लिटर, त्यातलं तळाचं १,००० लिटर फुटव्हॉल्व्हच्या खाली राहतं त्यामुळे पंपाला उचलताच येत नाही. रेट असे धरू: ५,००० चा छोटा ९०० रुपये, १०,००० चा १,५०० आणि २०,००० चा मोठा २,४००. एरिया आणि महिन्याप्रमाणे हे खूप बदलतात, तुम्ही तुमचे आकडे घाला, पद्धत तीच.

कागदावर छोटा १८ पैसे लिटर, मधला १५, मोठा १२. त्यामुळे कमिटीत कोणीतरी म्हणतंच की मोठाच बोलवा ना, काय हिशोब करताय.

आता वरचा खर्च. ड्रायव्हरला ५० रुपये जातातच. मोठा टँकर गल्लीत वळत नाही, मेन रोडवर उभा राहतो आणि लांब पाइप टाकावा लागतो, त्याचे समजा २०० वेगळे. शिवाय १०,००० लिहिलेल्या टँकरमधून १०,००० क्वचितच उतरतं, काठोकाठ भरलेला नसतो, रस्त्यात थोडं सांडतं, उतारावर उभा असेल तर तळाशी थोडं राहतं. चार टक्के कमी धरू.

| टँकर | एकूण खर्च | उतरू शकणारं पाणी | सगळं मावलं तर |
|---|---|---|---|
| छोटा | ९५० रु. | ४,८०० लि. | १९.८ पैसे |
| मधला | १,५५० रु. | ९,६०० लि. | १६.१ पैसे |
| मोठा | २,६५० रु. | १९,२०० लि. | १३.८ पैसे |

इथपर्यंत मोठाच स्वस्त दिसतोय, पण खरी गोम "सगळं मावलं तर" मध्ये आहे. आपली टाकी पंप ओढेल तिथपर्यंत खाली गेली तरी जागा १४,००० लिटरचीच, म्हणजे मोठ्या टँकरचं पाच हजारच्या वर पाणी उरणार, ते ड्रायव्हर परत घेऊन जाणार आणि बिल मात्र पूर्ण. २,६५० भागिले १४,००० केलं की १८.९ पैसे झाले. मधल्यापेक्षा महाग, आणि तेही टाकी पार रिकामी होईपर्यंत थांबलात तर. मोठा टँकर मधल्याला हरवायला १६,४०० लिटरच्या वर जागा लागते, ती या बिल्डिंगमध्ये नाहीच, म्हणून मोठ्याचा विषय इथे एकट्याने करण्यासारखा नाही.

मधल्याचंही तेच. टाकीत ७,००० चीच जागा असताना मागवला तर लिटरला २२ पैसे पडतात, छोट्यापेक्षा जास्त. बरोबरीचा आकडा येतो साधारण ७,८०० लिटर. जागा याहून कमी असेल तर छोटा, जास्त असेल तर मधला. हा आकडा पंपरूमच्या भिंतीवर लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण फोन करणारा दर वेळी वेगळा माणूस असतो.

आणि अजून एक उरलेलं पाणी असतं जे बिलात दिसतच नाही, ते म्हणजे आपल्याच टाकीत राहिलेलं. समजा संध्याकाळी टाकीत ५,००० आहे, घाबरून मधला टँकर मागवला, ९,६०० सगळं मावलं, टाकी १४,६०० वर. सगळे खूश. रात्रीत २,५०० वापरलं, सकाळी १२,१०० शिल्लक, आणि आता मनपाचं पाणी आलं तर जागा फक्त २,९०० लिटरची. फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाला, ५,००० पैकी २,१०० आत आलंच नाही. म्हणजे टँकरने खरी भर घातली ती ७,५०० ची आणि भाव पडला २०.७ पैसे. तेव्हा छोटा मागवला असता तर मनपाचं सगळं पाणी मावलं असतं आणि १९.८ मध्ये काम झालं असतं.

खरं तर त्या संध्याकाळी टँकर लागतच नव्हता. टाकीतल्या ५,००० पैकी ४,००० वापरता येत होतं, रात्रीला २,५०० पुरतं. सकाळी मनपाचं ५,००० घेऊन टाकी ७,५०० वर आली असती, सकाळची धावपळ आटोपेपर्यंत २,१०० तरी जातंच, मग दुपारी मधला टँकर. जागा बरोबर ९,६०० ची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अजून ६,००० वापरलं जाणार म्हणून मनपाचं पाणीही अडत नाही. तोच टँकर, तोच रेट, पण १६.१ पैसे. फक्त ज्या दिवशी मनपाचं पाणी येणार नाही असं आधी कळवलेलं असेल त्या आदल्या दिवशी हा हिशोब सोडा आणि टाकी भरून घ्या.

हे सगळं करायला मीटर लागत नाही, एक सरळ काठी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी पुरे. ४ बाय ३ मीटरच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर. टँकर लागायच्या आधी पंप बंद करा, पाणी थोडं स्थिर होऊ द्या, काठी बुडवून खूण करा, नंतर पुन्हा मोजा. ९,६०० उतरलं तर पाणी ८० सेंटिमीटर चढायला हवं. ७० च चढलं तर ८,४०० आलंय, आणि भाव १८.५ पैसे झालाय. पंप चालू ठेवून मोजलं तर काहीच कळत नाही, कारण एकीकडून येतंय आणि दुसरीकडून वर जातंय, आणि वाद झाला की ड्रायव्हर पहिलं हेच बोट दाखवतो. एकदा-दोनदा नाही, सलग काही टँकर कमी भरले तरच सप्लायरशी बोला, वहीत सेंटिमीटर लिहिलेले असले की बोलणं लवकर मिटतं.

मग ठरवायचं काय? आपल्या टाकीला मधला टँकर, दुपारी, आणि जागा ७,८०० च्या खाली असताना थांबणं शक्य नसेल तरच छोटा. मोठा घ्यायचाच असेल तर शेजारच्या बिल्डिंगबरोबर अर्धा-अर्धा. दुसऱ्या पाइपाचे १०० धरले तरी २,७५० भागिले १९,२०० म्हणजे १४.३ पैसे, तिन्हीत सगळ्यात कमी. त्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी ९,६०० ची जागा हवी आणि दोन्हीकडची काठी आधी-नंतर मोजलेली हवी, नाहीतर पहिल्या टाकीत जास्त गेलं आणि आम्हाला कमी आलं यावरून दोन्ही सेक्रेटरी आठवडाभर बोलणार नाहीत.