गेम डेव्हलपरचा रेझ्युमे: गेमनिहाय मांडावा की कामनिहाय?

गेमनिहाय मांडणीत रिलीज झालेल्या प्रत्येक गेमला स्वतःची जागा मिळते: नाव, प्लॅटफॉर्म, वर्ष, इंजिन, टीममधली भूमिका आणि त्याखाली केलेलं काम. कामनिहाय मांडणीत गेमप्ले, ऑप्टिमायझेशन, टूल्स असे गट पडतात आणि गेमची नावं शेवटी एका यादीत येतात. माझा कल पहिलीकडे आहे, पण तो सगळ्यांना लागू पडत नाही.

समजा, एक गेमप्ले प्रोग्रामर आहे. युनिटीवर तीन वर्षांचा अनुभव. एक मोबाइल शूटर रिलीज झालेला, दुसरा गेम अर्ध्यावर रद्द झालेला. कामनिहाय मांडणीत तो लिहितो:

> ऑप्टिमायझेशन: गेमचा परफॉर्मन्स ४५ टक्क्यांनी वाढवला. ऑब्जेक्ट पूलिंग, यूआय सुधारणा.

तेच काम गेमच्या नावाखाली आलं की असं होतं:

> मोबाइल शूटर (अँड्रॉइड, युनिटी २०२२). ६ जणांच्या टीममध्ये गेमप्ले प्रोग्रामर, प्रोटोटाइपपासून रिलीजपर्यंत. जुन्या चाचणी-फोनवर सर्वांत गर्दीच्या लेव्हलमध्ये सरासरी फ्रेम टाइम ४२ वरून २९ मिलिसेकंदांवर आणला, लक्ष्य ३० एफपीएस. यूआयचा कॅन्व्हस विभागला. गोळ्यांसाठी पूलिंग केल्याने गोळीबारातले झटके थांबले.

दुसरा उतारा लांब आहे, तरी वाचणाऱ्या लीडला तो लवकर कळतो. ३० एफपीएससाठी एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात. ४२ म्हणजे गेम रखडत होता, २९ म्हणजे लक्ष्य गाठून थोडी जागाही उरली. ‘४५ टक्के’ मात्र कशाचे, कोणत्या फोनवर, हे कळत नाही. खरं तर तो आकडा याच कामातून निघतो, कारण ४२ भागिले २९ म्हणजे सुमारे १.४५. पण फ्रेम टाइम घटला सुमारे ३१ टक्क्यांनीच. एकाच कामाचे दोन टक्के निघत असतील तर वाचणारा दोन्हींकडे संशयानेच पाहणार.

एफपीएसमधली वाढ लिहिण्यातही हीच गोची आहे. २० वरून ३० आणि ६० वरून ७०, दोन्हीकडे वाढ दहाचीच. पण पहिल्यात फ्रेममागे जवळपास १७ मिलिसेकंद वाचतात, दुसऱ्यात अडीचही नाहीत. म्हणून मिलिसेकंद लिहावेत, आणि सोबत डिव्हाइस व दृश्य.

कारणंही वेगवेगळी लिहावीत. स्कोअर सतत बदलत असेल आणि सगळा यूआय एकाच कॅन्व्हसवर असेल, तर तो बदलला की युनिटी त्या कॅन्व्हसची पुनर्बांधणी करतं. हा खर्च जवळपास प्रत्येक फ्रेमला पडतो, त्यामुळे सरासरी बिघडते. गोळ्या दर वेळी नव्याने तयार करून नष्ट केल्या की कचरा साठतो आणि गार्बेज कलेक्टर चालला की एखादाच फ्रेम लांबतो. सरासरी चांगली दिसते, खेळणाऱ्याला मात्र झटका बसतो. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं.

भूमिकेच्या बाबतीतही गेमनिहाय मांडणी सरस. सहा जणांच्या टीममधला प्रोग्रामर आणि दोनशे जणांच्या टीममधला प्रोग्रामर यांची कामं वेगळी असतात. शेवटचे दोन महिने बग सोडवायला आला असाल तर तसंच लिहा. गेमच्या क्रेडिट्समध्ये नाव कोणत्या पदाखाली आहे, हे कोणीही पाहू शकतं. इंजिनबद्दल नुसतं ‘अनरियल’ लिहून भागत नाही. आवृत्ती कोणती आणि काम ब्लूप्रिंटमध्ये होतं की सी++ मध्ये, हे हवंच.

मग कामनिहाय मांडणी कोणासाठी? एकही गेम रिलीज झालेला नाही, किंवा बरंच काम रद्द झालेल्या गेमवर गेलं, त्यांच्यासाठी. तसंच ग्राफिक्स किंवा इंजिन प्रोग्रामरसाठी, ज्यांचं एकच काम चार गेममध्ये वापरलं गेलं. गेमनिहाय लिहिलं तर त्यांना तीच ओळ चारदा लिहावी लागेल. फक्त गटाखालच्या प्रत्येक ओळीत हे काम कोणत्या गेममध्ये गेलं, ते जोडावं. ते नसेल तर आकडा अधांतरी राहतो.

आपल्या प्रोग्रामरने गेमनिहायच ठेवावा. रद्द झालेला गेम रिलीज झालेल्यांच्या यादीत मिसळू नये. खाली ‘अप्रकाशित प्रकल्प’ म्हणून इंजिन, भूमिका आणि कालावधी पुरे. त्याचं नाव आणि स्क्रीनशॉट गोपनीयता कराराखाली असतील, तर स्टुडिओच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नयेत. अंतर्गत आकड्यांचंही तेच.