जांभ्याच्या घरात फोन कुठल्या वाय-फायवर ठेवायचा: २.४ की ५?

आमच्या खानापूर भागात फायबरची लाइन घरात आली की दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न येतो. फोनमध्ये घरचीच दोन नावं दिसतात, एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी `5G`. जोडायचं कुठल्याला?

आधी त्या `5G` चा गोंधळ मिटवू. मोबाइल टॉवरचं ५जी आणि हे, दोन्ही वेगळे. राउटरच्या नावातला ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, त्या लहरींची वारंवारता; साधं नाव २.४ गिगाहर्ट्झचं. त्यामुळे साधा ४जी फोनही हे नाव पकडू शकतो. पण काही स्वस्त, जुन्या फोनमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच रेडिओ असतो. त्यांना ते नाव दिसतच नाही आणि त्यांच्यापुढे निवडही उरत नाही.

गेल्या महिन्यात एका मावशींच्या घरी मी दोन्ही नावांवर मोजून पाहिलं. घर जुनं, सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडं अशी सरळ ओळ. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड. राउटर सोप्यात दाराच्या वर, प्लॅन १०० मेगाबिटचा. त्यांचा लेक माजघरात अभ्यासाला बसतो, आणि मावशींचा मुंबईच्या बहिणीला व्हिडिओ कॉल असतो तो चुलीशेजारून. "सोप्यात झक्क चालतंय ओ, आत आलं की तिचं तोंड अडकतंय," ही त्यांची तक्रार. फोन ५ वर जोडलेला होता.

एकच फोन, खोली बदलत गेलो. सोप्यात ५ वर ९४ मेगाबिट, म्हणजे प्लॅन पुरता वसूल. २.४ वर ४०. माजघरात, एक भिंत ओलांडल्यावर, ५ वर अजूनही ९४ आणि २.४ वर ३६. स्वयंपाकघरात मात्र पारडं फिरलं: ५ वर कधी ६, कधी १५, आकडा ठरेना. २.४ वर मात्र शांतपणे ३०. परड्यात ५ चं नावच गायब, २.४ वर १२.

आता हे असं का होतं ते पाहू, कारण एकदा कळलं की आपल्या घराचा अंदाज आपल्यालाच बांधता येतो.

वेगाचं कारण रस्त्याच्या रुंदीत आहे. २.४ च्या पट्ट्यात एकूण जागाच जेमतेम ८० मेगाहर्ट्झची आहे, म्हणून तिथे फोन सहसा २० मेगाहर्ट्झचा चॅनेल वापरतो. ५ च्या पट्ट्यात जागा भरपूर, तिथे ८० मेगाहर्ट्झचा चॅनेल सहज मिळतो. मावशींच्या फोनला एकच अँटेना आहे. अशा फोनला २.४ वर जास्तीत जास्त ७२ मेगाबिटची जोडणी मिळते, ५ वर ४३३ ची. प्रत्यक्ष हातात येतं ते साधारण निम्म्याच्या आसपास, कारण वाय-फायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं आणि प्रत्येक बोलण्याला पोच द्यावी लागते. सोप्यातले ४० त्या ७२ मधूनच आले. ५ वर तर लाइनच १०० ची, त्यामुळे ९४ च्या पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पल्ल्याचं कारण वेगळं. "५ ची लहर हवेत लवकर विरते" असं बरेच जण सांगतात. घराएवढ्या अंतरात हवा जवळजवळ काहीच खात नाही. खरा फरक अँटेनाचा आहे. २.४ ची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची साडेपाच. अँटेना लहरीच्या मापाचा असतो, म्हणून ५ चा अँटेना लहान आणि तो कमी पकडतो. पावसात परात ठेवा आणि वाटी ठेवा: पाऊस सारखाच, पण वाटीत कमी पाणी साचतं, तसंच. मोकळ्या मैदानात, राउटरची ताकद तीच धरली तरी, ५ वर फोनच्या हाती २.४ च्या साधारण पाचवा हिस्सा येतो.

त्यावर भिंत. जांभ्यासारख्या जाड, सच्छिद्र दगडात आखूड लहर जास्त अडते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंत पाणी पिऊन बसली की आणखीच. मावशींच्या घरात दोन्हींच्या सिग्नलच्या ताकदीतला फरक सोप्यात ६ डेसिबल होता, एका भिंतीनंतर १२, दोन भिंतींनंतर १७. स्वयंपाकघरात ५ च्या सिग्नलचं मोजमाप उणे ८२ डीबीएम भरलं, २.४ चं उणे ६५; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ७० च्या खाली आकडा गेला की माझा तरी भरवसा उडतो.

यात एक गोष्ट फसवी आहे. फोनवर दिसणाऱ्या काड्या राउटरचा आवाज फोनपर्यंत किती पोचतो ते सांगतात. फोनचा आवाज राउटरपर्यंत पोचतो का, ते सांगत नाहीत. फोनची ताकद सहसा राउटरपेक्षा कमी असते. म्हणून दोन काड्या दिसत असूनही आपला चेहरा पलीकडे अडकतो.

मी राउटरमध्ये ५ चा चॅनेल ८० वरून ४० वर आणूनही पाहिला. रुंदी निम्मी केली की तीच ताकद कमी जागेत एकवटते, पल्ला थोडा वाढतो. स्वयंपाकघरात १८ मिळाले, पण माजघरात ९४ चे ८० झाले. लेकाचं कमी करून चुलीशेजारी २.४ पेक्षाही कमीच मिळणार असेल तर त्यात फायदा नाही. परत ८० केलं.

शेवटी ठरलं ते असं: लेकाचा फोन ५ वर, मावशींचा २.४ वर, आणि मावशींच्या फोनमधून `5G` चं नाव काढूनच टाकलं, नाहीतर सोप्यात आल्यावर तो परत तिकडे उडी मारतो आणि आत गेल्यावर सोडायला तयार होत नाही. याचा आणखी एक फायदा आहे. दूरचा फोन हळू बोलतो, त्यामुळे तेवढ्याच माहितीसाठी तो जास्त वेळ हवा अडवून धरतो. तो वेगळ्या पट्ट्यावर असला की लेकाच्या वेळेतून काही कापलं जात नाही.

बेळगावात, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत, हे गणित थोडं बदलतं. तिथे घराला घर चिकटलेलं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या दहा-बारा राउटरना तेवढ्यातच दाटीवाटीने बसावं लागतं, शिवाय ब्लूटूथही त्याच पट्ट्यात. रात्री नऊला तिथे २.४ वर काड्या पूर्ण आणि वेग ५-७ मेगाबिट असं मी पाहिलंय. अशा घरात एक भिंत ओलांडूनही ५ च घ्यावा. त्याचा कमी पल्ला इथे उपयोगी पडतो, कारण शेजाऱ्याचा ५ ही त्याच्या भिंतीतच अडतो. गावात, जिथे शेजारचं वाय-फाय दिसतच नाही, तिथे २.४ त्याच्या खऱ्या वेगाने चालतो.

आपल्या घरात तपासायला अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या वाय-फायच्या नावाशेजारचं चक्र दाबा. बहुतेक फोनवर तिथे `Frequency` आणि `Link speed` दिसतं. ५ वर असताना ज्या खोलीत `Link speed` ५० च्या खाली घसरतो, त्या खोलीत २.४ घ्या. आणि दोन भिंतींपलीकडेही ५ चाच वेग हवा असेल तर फोनमधली कुठलीच सेटिंग कामाची नाही. माजघरापर्यंत एक लॅन केबल ओढून दुसरा राउटर तिथे बसवावा लागतो. मावशींनी पावसाळ्यानंतर बघू म्हटलंय.