स्पीड दुप्पट, मग वेळ अर्धा का नाही? साधी फेरी की फास्ट कॅटमरान

समजा 24 सागरी मैलांचा रूट आहे. साधी फेरी बोट 16 नॉटने जाते, फास्ट कॅटमरान म्हणजे जुळ्या सांगाड्याची बोट 32 ने. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, त्यामुळे सरळ भागाकार करायचा, 24 भागिले 16 म्हणजे दीड तास आणि 24 भागिले 32 म्हणजे पाऊण तास. नकाशावर अंतर किलोमीटरमध्ये असेल तर आधी 1.852 ने भागा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं.

पण हा पाऊण तास प्रत्यक्षात मिळत नाही, कारण बंदराच्या आत फास्ट बोटीलाही हळूच जावं लागतं. दोन्ही टोकांना 2-2 मैल 8 नॉटने धरा, म्हणजे 4 मैलांना अर्धा तास गेला, आणि तो दोघींचाही सारखाच जातो. धक्का सोडणं आणि लागणं मिळून अजून 20 मिनिटं. उरले मोकळ्या समुद्रातले 20 मैल, तिथे साधीला 1.25 तास (हा सव्वा तास बरं का, 1 तास 25 मिनिटं नाही, ही चूक खूप जण करतात) आणि कॅटमरानला साधारण 38 मिनिटं. टोटल 2 तास 5 मिनिटं विरुद्ध 1 तास 28 मिनिटं. वाचली जेमतेम 37 मिनिटं.

 

आता पाण्याचा प्रवाह. समोरून 2 नॉटचा प्रवाह असेल तर मोकळ्या पट्ट्यात साधीचे 16 चे 14 होतात आणि ती 11 मिनिटं लेट होते, कॅटमरान 32 ची 30 होऊन फक्त अडीच मिनिटं. म्हणजे हळू बोटीला प्रवाह जास्त नडतो, भरती-ओहोटीचं टाइमटेबल तिच्यासाठीच बघायचं.

लाटांचं उलटं आहे. हलकी कॅटमरान उसळायला लागली की कॅप्टन स्पीड कमी करतो, 22 नॉटवर आली तर तेच 20 मैल 55 मिनिटं खातात आणि फायदा 20 मिनिटांवर येतो, शिवाय लाटा अजून वाढल्या की आधी तिचीच ट्रिप कॅन्सल होते. जड फेरी तेवढ्या लाटांत बऱ्याचदा आपल्या स्पीडने जात राहते.

अंतर 100 मैल असेल तर मात्र हिशोब पालटतो. बंदरातली 50 मिनिटं तेवढीच राहतात, बाकी 96 मैलांना साधी 6 तास घेते, कॅटमरान 3. तिथे शांत हवेत मी डोळे झाकून कॅटमरान घेईन, 24 मैलांना पुढची गाडी पकडायची नसेल तर साधीच.