पाटीवरची आयरिश, घरट्यातली माओरी

आयर्लंडमध्ये आयरिश ही राज्यघटनेनुसार पहिली राजभाषा. ती रस्त्याच्या पाट्यांवर आहे, शाळेत सक्तीची आहे. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी ‘येते’ असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार. परीक्षेपुरती शिकलेली भाषा भांडायला, लाडात यायला कुठून पुरणार?

न्यूझीलंडमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘कोहांगा रेओ’त, म्हणजे भाषेच्या घरट्यात, भाषेचा वेगळा तासच नाही. तिथल्या मूळ रहिवाशांची माओरी भाषा बोलणाऱ्या आज्या पोरांना भरवतात, नाक पुसतात, दटावतात, सगळं माओरीतच. मागे पडलेली भाषा जगवायची तर मला हीच वाट खरी वाटते. पण घरी आईबाप इंग्रजीतच बोलत असले, तर पोरं आपसात खेळताना इंग्रजीवर घसरतात. भाषा जगवण्याच्या कार्यक्रमाची तपासणी करायची तर कान त्या खेळाकडेच लावावा.