दहा महिन्यांच्या वापरानंतर: व्हॅक्युम क्लीनरचा कुबट वास कुठून येत होता आणि तो कसा गेला

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पिशवी नसलेला, दोन लिटरचा पारदर्शक धुळीचा डबा असलेला व्हॅक्युम क्लीनर घेतला. आमचे घर भांडुपला दुसऱ्या मजल्यावर आहे आणि शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू असल्यामुळे सिमेंटची बारीक पांढरी धूळ खिडकीच्या चौकटीवर, गाद्यांवर आणि पंख्याच्या पात्यांवर रोज येऊन बसते. यंत्राची ओढ, नळीची लांबी आणि आवाज याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही निर्वेध गेले. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र यंत्र चालू करताच खोलीत कुबट वास पसरू लागला. पावसात भिजलेली छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली आणि दोन दिवसांनी उघडली, तर येतो तसा तो वास होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, झाडू मारल्यावर घर स्वच्छ वाटतं, हे फिरवलं की मात्र घर बंद ठेवल्यासारखं वाटतं." त्यांचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच या अनुभवात मी केवळ त्या वासाबद्दल लिहीत आहे.

माझी पहिली समजूत अशी होती की डबा आणि फिल्टर अस्वच्छ राहिल्यामुळे वास येतो. म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा धुतला जाणारा फिल्टर मी दर आठवड्याला धुऊ लागले. शनिवारी दुपारी धुवायचा, रात्रभर पंख्याखाली ठेवायचा आणि रविवारी सकाळी यंत्रात बसवायचा, असा क्रम ठरला. तीन आठवड्यांत वास कमी होण्याऐवजी वाढला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने यंत्र उघडूनही न पाहता मोटर जुनी झाल्याचे सांगितले आणि ती बदलण्याचा खर्च ऐकवला. आठ महिन्यांची मोटर जुनी कशी होईल, हे मला पटले नाही. शिवाय मोटर जळू लागली की वास रबर किंवा तार तापल्यासारखा येतो आणि तसा वास आल्यास यंत्र तत्काळ बंद करून प्लग काढायला हवा. आमचा वास ओलसर होता, जळका नव्हता.

तेव्हा प्रत्येक भाग वेगळा करून वास घ्यायचे ठरवले. यंत्र चालू असताना बाहेर पडणाऱ्या हवेत सगळ्याच भागांचा वास मिसळलेला असतो, त्यामुळे मूळ कळत नाही. मी फोमचा फिल्टर एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवला, मागचा घडीदार हेपा फिल्टर दुसऱ्या डब्यात ठेवला, रिकामा धुळीचा डबा प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत बांधला आणि नळीची दोन्ही टोके पिशव्यांनी बंद केली. तासाभराने एकेक उघडून पाहिले. नळीला काही वास नव्हता, हेपाला अगदी पुसट होता, धुळीच्या डब्यात फक्त झाकणाच्या रबरी कडेपाशी होता आणि फोमचा डबा उघडताच मी मान मागे घेतली. नुकताच धुतलेला, हाताला कोरडा लागणारा फोमच वासाचा उगम ठरला.

फोमवर मी दोन बोटांनी कागदी रुमाल दाबून धरला आणि अर्धा मिनिट थांबले. रुमालावर बोटांच्या आकाराचा ओलसर डाग उमटला. आमच्या फिल्टरमध्ये वर फोम आणि त्याखाली चिकटवलेला पांढरा फेल्टचा थर आहे. फोमची छिद्रे मोठी असल्याने ती लवकर वाळतात. फेल्ट मात्र आत पाणी धरून राहतो. त्या फेल्टमध्ये धुतल्यावरही थोडी धूळ उरतेच आणि घरातील धुळीत केस, त्वचेचे कण आणि अन्नाचे बारीक तुकडे असतात. ओलावा, हे खाद्य आणि मोटरजवळची ऊब एकत्र आली की बुरशी आणि जिवाणू वाढतात. कुबट वास त्यांचाच. असे यंत्र दर सेकंदाला साधारण वीस-तीस लिटर हवा ओढते, म्हणजे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीतील हवेइतकी हवा वीसेक मिनिटांत त्या ओल्या फेल्टमधून जाऊन परत खोलीत येते. हेपा फिल्टर बारीक कण अडवतो, पण वास वायुरूप असल्यामुळे त्यातून सहज निघून जातो. म्हणजे मी जितक्या वेळा घाईने धूत होते, तितक्या वेळा ओल पुन्हा आत भरत होते.

आता प्रश्न असा होता की फिल्टर खरोखर वाळला हे कळायचे कसे, कारण मुंबईच्या जुलैमध्ये हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा 80 टक्क्यांच्या वर असते आणि हाताच्या स्पर्शावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्याकडे पिठाचे वजन करण्याचा छोटा डिजिटल काटा आहे. तोच उपयोगी पडला. नवीन जोड फिल्टर आणला तेव्हा त्याचे वजन 14 ग्रॅम भरले. जुना फिल्टर धुऊन, पिळ न देता दोन तळहातांमध्ये दाबून पाणी काढल्यावर 52 ग्रॅम भरला. सतत पंख्याखाली ठेवल्यावर दुसऱ्या सकाळी तो 23 ग्रॅम होता, आणि याच अवस्थेत मी पूर्वी तो यंत्रात बसवत असे. त्या संध्याकाळी 18, तिसऱ्या सकाळी 16 आणि तिसऱ्या रात्री 15 ग्रॅम झाला. त्यापुढे आकडा हलला नाही. जुन्या फिल्टरमध्ये न निघालेली थोडी धूळ असल्यामुळे तो नव्याच्या 14 ग्रॅमपर्यंत पोहोचणार नाही, हे गृहीत धरावे लागते. त्यामुळे ठरावीक आकड्याची वाट न पाहता सहा तासांच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी आली की फिल्टर वाळला, असे मी मानते आणि शेवटी कागदी रुमालाचा दाब देऊन खात्री करते. एप्रिलमध्ये हेच काम एका दिवसात होत असे.

वाळवण्याची जागाही महत्त्वाची ठरली. खिडकीत दोरीवर टांगलेला फिल्टर पावसाळी वाऱ्यात बाहेरची ओल घेत राहतो, असे वजनावरून दिसले. पोळ्यांच्या स्टीलच्या जाळीवर, फेल्टची बाजू वर करून आणि खालून हवा जाईल अशा बेताने ठेवल्यास तो लवकर वाळतो. हेअर ड्रायरने गरम हवा मारण्याचा किंवा गॅसजवळ ठेवण्याचा मोह मी टाळला, कारण उष्णतेने फोम आक्रसतो आणि कडेला फट राहिली की धूळ थेट मोटरकडे जाते. ओला फिल्टर बसवून यंत्र चालवल्यास तो आपोआप वाळेल, असे एका शेजारणीने सुचवले होते. त्यात ओलावा मोटरपर्यंत पोहोचण्याची भीती असल्यामुळे ते करू नये. फिल्टर न लावता यंत्र चालवणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

धुण्याची पद्धत साधी आहे. फिल्टर आधी वर्तमानपत्रावर हलके आपटून कोरडी धूळ काढावी, कारण सिमेंटमिश्रित धूळ ओली झाली की चिखलासारखी छिद्रांत बसते. नंतर नळाच्या साध्या पाण्याखाली स्वच्छ बाजू वर धरावी, म्हणजे पाणी धुळीला ज्या बाजूने ती आत शिरली त्याच बाजूने बाहेर ढकलते. हलके दाबत राहिल्यास आधी राखाडी पाणी येते; ते नितळ होईपर्यंत मला साधारण सहा-सात मिनिटे लागतात. साबण मी वापरत नाही. फेल्टमधून तो पूर्ण निघत नाही आणि चिकट थरावर पुढची धूळ अधिक घट्ट बसते.

धुळीच्या डब्याबाबत माझी चूक वेगळी होती. मी तो आठवड्यातून एकदा रिकामा करत असे आणि मधल्या दिवसांत स्वयंपाकघरातील कचराही त्यात जात असे. एकदा ओट्याखाली सांडलेले भिजवलेले पोहे, कोरडेच असतील असे समजून, ओढून घेतले गेले. दोन दिवसांनी डबा उघडला तेव्हा ते केसांच्या गुंत्यात चिकटून आंबले होते. आता ओले काहीही त्यात जाऊ द्यायचे नाही आणि वापर झाला की त्याच दिवशी डबा रिकामा करायचा, हा नियम पाळते. महिन्यातून एकदा प्लग काढून डबा यंत्रापासून वेगळा करते, कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब घालून धुते आणि झाकणाच्या रबरी कडेची खाच जुन्या दातांच्या ब्रशने घासते. वासाचा उरलासुरला अंश त्या खाचेतील काळपट थरात होता. आमच्या यंत्रात डब्यात विजेचा भाग नाही, म्हणून तो धुता येतो. ज्या यंत्रांत डब्याला किंवा त्याच्या झाकणाला विजेची जोडणी असते, तिथे ओल्या फडक्याने पुसण्यावरच थांबावे.

हेपा फिल्टरबद्दल माहितीपुस्तिका वाचूनच निर्णय घ्यावा. आमचा धुण्याजोगा नाही, त्यामुळे तो फक्त हलके आपटून स्वच्छ केला जातो. घड्यांवर ब्रश फिरवल्यास धागे फाटतात आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. फोम बरा झाल्यावर त्याला उरलेला पुसट वास दोन आठवड्यांत आपोआप ओसरला. तो ओसरला नसता तर नवा घेण्यावाचून पर्याय नव्हता.

आणखी एक सल्ला मला अनेकांनी दिला, तो म्हणजे डब्यात खाण्याचा सोडा, टाल्कम पावडर किंवा कापराची वडी ओढून घेण्याचा. पावडरीचे कण इतके बारीक असतात की ते फोम ओलांडून हेपाच्या घड्या भरून टाकतात आणि यंत्राची ओढ कमी होते. कापूर पेट घेणारा पदार्थ आहे. तापलेल्या मोटरजवळ तो नेण्याचे धाडस मी करणार नाही.

सध्या माझ्याकडे फोमच्या फिल्टरच्या दोन जोड्या आहेत. एक यंत्रात असते, तर दुसरी धुऊन, वजन करून, पूर्ण वाळल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवलेली असते, त्यामुळे वाळण्याची घाई उरत नाही. यंत्र आम्ही पूर्वी न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यात ठेवत होतो. आता ते बाहेरच्या खोलीत, डबा अर्धा तास उघडा ठेवल्यानंतरच बंद करून ठेवले जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून वास आलेला नाही आणि परवा सासूबाईंनी स्वतःहून त्यांच्या खोलीतील गादी यंत्राने साफ करायला सांगितली.