नव्या व्यवस्थापकाचा तीन महिन्यांचा आराखडा: पहिल्याच दिवशी पूर्ण की टप्प्याटप्प्याने?

पहिल्या तीन महिन्यांचा आराखडा टीमला लेखी द्यायचे ठरले, की प्रश्न उरतो तो त्यात किती लिहायचे याचा. एक मार्ग म्हणजे रुजू होतानाच तिन्ही महिन्यांची उद्दिष्टे, तारखा आणि बदल मांडून मोकळे व्हायचे. दुसऱ्या मार्गात पहिल्या महिन्याचे नेमके वेळापत्रक द्यायचे आणि पुढचा मजकूर कोणत्या तारखेला भरला जाईल, एवढेच आज सांगायचे.

पूर्ण आराखडा वरिष्ठांना आवडतो आणि टीमलाही दिशा कळते. मात्र तो बहुधा मुलाखतीत आणि वरिष्ठांकडून ऐकलेल्या माहितीवर बेतलेला असतो. समजा, ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या आठ जणांच्या टीमला नव्या व्यवस्थापकाने लिहून दिले की दुसऱ्या महिन्याअखेर तक्रार निकाली काढण्याचा कालावधी पाच दिवसांवरून अडीच दिवसांवर आणायचा. प्रत्येकाशी बोलल्यावर कळते की तक्रार टीमकडे जेमतेम एक दिवस असते आणि उरलेले चार दिवस ती परताव्याच्या मंजुरीसाठी लेखा विभागात पडून राहते. म्हणजे टीमने कितीही जिवाचे रान केले तरी उद्दिष्ट गाठता येणार नाही. ते मागे घेता येते, पण ‘आम्हीच संथ आहोत असे याने न विचारताच ठरवले’ हा समज मागे घेता येत नाही. अशा आराखड्यावर कोणीच शंका विचारली नाही, तर ती संमती समजू नये.

टप्प्याटप्प्याच्या आराखड्यात हाच व्यवस्थापक लिहील: ‘पहिले चार आठवडे कामाची वाटणी बदलणार नाही. प्रत्येकाशी पाऊण तास बोलेन आणि तक्रार नेमकी कुठे अडते, हे सर्वांना विचारेन. पाचव्या आठवड्यात, कोण काय म्हणाले हे न सांगता, एकूण काय ऐकले ते लिहून देईन आणि सहाव्या आठवड्यात पहिला बदल ठरवू.’ यातला धोका म्हणजे ‘बदल नाही’ याचा अर्थ ‘निर्णयच नाही’ असा घेतला जातो. म्हणून रजा, तातडीच्या तक्रारी आणि आधी दिलेली आश्वासने यांवरचे निर्णय थांबणार नाहीत, हे त्याच पानावर लिहावे लागते. शिवाय पाचव्या आठवड्याची तारीख चुकली, तर या आराखड्यात विश्वास ठेवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

बाहेरून आलेल्या व्यवस्थापकाने माझ्या मते टप्प्याटप्प्याचाच मार्ग घ्यावा. त्याच टीममधून बढती मिळालेल्याला अडचणी ठाऊक असतात, तर काम बंद पडण्याच्या बेतात असताना महिनाभर ऐकत बसण्याची सवड नसते. या दोन्ही प्रसंगी पूर्ण आराखडा योग्य ठरतो. वरिष्ठांना पूर्ण आराखडाच हवा असेल, तर त्यांच्या प्रतीत अंदाजित उद्दिष्टे जरूर असावीत, पण टीमला सांगितलेल्या तारखांशी त्यांचा मेळ बसायला हवा, कारण अशी प्रत टीमपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.